सफरचंदावरचं चकचकीत मेण: ते असतं काय, आणि पोटात गेलं तर चालतं का?

मी नेरुळला राहते. तुर्भ्याच्या फळ मार्केटजवळच्या एका शीतगृहात अकरा वर्षं मालाची गुणवत्ता तपासायचं काम केलं. जुलैच्या अखेरीस हिमाचलची सफरचंदं उतरू लागतात, मागोमाग काश्मीरचा माल येतो, आणि परदेशी पेट्या तर बारा महिने असतातच. शेजारीपाजारी, नातेवाईक, मुलांच्या शाळेबाहेर उभ्या असलेल्या आया, सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: "अहो, ते मेण खायचं का?" त्या प्रश्नाला फुटलेले फाटे आणि त्यांची मी देते ती उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

चाकूने खरवडलं की पांढरा भुगा निघतो. तो मेणबत्तीच्या मेणाचाच ना?

तेवढ्यावरून सांगता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी माझ्या सासऱ्यांनी प्रसादासाठी सफरचंदं आणली. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ त्यांनी पाहिला होता. ते टेबलाशी बसले आणि बोथट सुरीने एक सफरचंद खरवडू लागले. सुरीच्या पात्यावर पांढरट, किंचित चिकट थर जमला. "बघ, मेणबत्ती होईल याची," म्हणाले. मी त्यांच्यासमोर तीन फळं ठेवली. एक परदेशी लालभडक डिलिशियस, आरशासारखं चमकणारं. एक हिरवं ग्रॅनी स्मिथ. आणि तिसरं शिमल्याकडचं रॉयल. ते ओळखीच्या गाळ्यावरून आणलेलं होतं, बागेतून थेट पेटीत भरलेलं, सालीवर धुरकट पांढरी झाक तशीच असलेलं. तिन्ही एकाच सुरीने, सारख्याच दाबाने खरवडायला सांगितली. भुगा तिन्हींचा निघाला, आणि डोळ्यांना सर्वांत जास्त दिसला तो शिमल्याच्या सफरचंदाचा, ज्याला कुणीच काही लावलेलं नव्हतं.

कारण सफरचंद स्वतःच मेण बनवतं. झाडावर असतानाच सालीवर हा थर तयार होतो. त्यात लांब साखळीचे हायड्रोकार्बन आणि अल्कोहोल असतात, शिवाय उर्सोलिक आम्ल नावाचा पदार्थ भरपूर असतो. झाडावरून काढलेल्या फळावर बोट फिरवलं की जी धुरकट झाक पुसली जाते, ती या मेणाचीच. पाऊस पडला तर पाणी ओघळून जावं, आतला ओलावा आत राहावा आणि बुरशीला सहज शिरता येऊ नये यासाठी ही झाडाची सोय असते. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर हे मेण साधारण अर्धा ते एक मिलिग्रॅम असतं, जातीनुसार कमीजास्त. मध्यम आकाराच्या सफरचंदाची साल पावणेदोनशे चौरस सेंटिमीटरच्या आसपास भरते. म्हणजे एका फळावर त्याचं स्वतःचंच मेण शंभर मिलिग्रॅमच्या घरात असू शकतं.

म्हणून खरवडून फक्त एवढंच कळतं की सालीवर मेण आहे. ते झाडाचं की माणसाने लावलेलं, आणि लावलेलं असेल तर कुठलं, हे सुरीला कळत नाही. तो भुगा चमच्यात घेऊन पेटवला तरी काही सिद्ध होत नाही, कारण झाडाचं मेणही पेटतं.

झाडाचं मेण आहे, तर मग वरून आणखी कशाला लावतात?

कारण ते धुतलं जातं. पॅकिंगच्या ठिकाणी सफरचंदं आधी पाण्याच्या टाकीत सोडतात. त्यामुळे ती आपटत नाहीत आणि माती, पानं, फवारणीचे डाग सुटतात. मग ती फिरत्या ब्रशांवरून जातात, बहुधा साबणासारख्या सौम्य द्रावणातून, आणि पुन्हा स्वच्छ पाण्याखालून. एवढ्या घासणीत नैसर्गिक मेणाचा बराचसा भाग निघून जातो. आता फळ उघडं पडलेलं असतं. पुढे त्याला महिनोन्‌महिने थंडीत राहायचं असतं, मग जहाजाने किंवा ट्रकने यायचं असतं, आणि शेवटी वाशी-ठाण्याच्या दमट उकाड्यात हातगाडीवर बसायचं असतं. आतलं पाणी उडू लागलं की साल सुरकुतते. गोल्डन डिलिशियससारख्या जातीत हे फार लवकर होतं.

म्हणून वाळवण्याआधीच्या टप्प्यावर बारीक फवाऱ्याने पातळ मेणाचं पाणी सोडतात आणि मऊ ब्रश ते सालीवर सारखं पसरवतात. मग फळ गरम हवेच्या बोगद्यातून जातं, पाणी उडून जातं आणि मागे एक अतिशय पातळ पापुद्रा राहतो.

दुसरं कारण सरळ व्यापाराचं आहे. चमकणारं फळ आधी उचललं जातं. लाल डिलिशियसच्या बाबतीत तर चमक हीच विक्री असते.

हे वरून लावलेलं मेण असतं कशाचं?

बहुतेक वेळा दोनच गोष्टींचं, किंवा दोन्हींच्या मिश्रणाचं.

पहिलं कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्य भागात एक ताडाच्या जातीचं झाड आहे. उन्हाळ्यात पाणी टिकवण्यासाठी त्याच्या पानांवर मेण साठतं. पानं वाळवून झोडपली की ते खाली पडतं. वनस्पतींपासून मिळणाऱ्या मेणांत हे फार कठीण समजलं जातं, ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं. चॉकलेटच्या गोळ्यांवर, च्युइंगमवर, औषधांच्या गोळ्यांवर जी चमक असते तीही बऱ्याचदा याचीच. वेष्टनावर याचा क्रमांक ९०३.

दुसरं शेलॅक, म्हणजे आपली लाख. चपडा लाख म्हटलं की सुताराला लगेच कळतं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात आणि अंगातून राळ सोडून स्वतःभोवती कवच करतात. ती राळ खरवडून, गाळून, पांढरी करून शेलॅक होतं. झारखंड हे त्याचं मोठं केंद्र. म्हणजे वॉशिंग्टनहून आलेल्या सफरचंदावरची चमक आपल्याच देशातल्या जंगलातून निघून जग फिरून परत आलेली असू शकते. खाद्यपदार्थांत याचा क्रमांक ९०४. काटेकोर बोलायचं तर हे मेण नसून राळ आहे, पण बाजारात सगळ्यालाच मेण म्हणतात.

दोघांच्या स्वभावात फरक आहे. शेलॅकची चमक जास्त. कार्नौबाची कमी, पण ते ओलावा जास्त चांगला अडवतं. मधमाशीचं मेणही चालतं, पण सफरचंदावर मी ते क्वचितच पाहिलं.

एका सफरचंदावर हे असतं किती? रोज एक खाणाऱ्या मुलाला जास्त होतं का?

इथे हिशेबच करू, म्हणजे मनात शंका राहणार नाही.

अमेरिकेतल्या सफरचंद व्यवसायात एक आकडा नेहमी सांगितला जातो: एका पौंड मेणात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, १ लाख ६० हजार फळं होतात. भागून पाहिलं तर एका फळाला तीन मिलिग्रॅमही येत नाही. पण हा आकडा विकणाऱ्यांचा आहे, म्हणून मी तो धरत नाही. पॅकिंगच्या यंत्रावर जे खरंच वापरलं जातं त्याचा वरचा अंदाज धरते. एक टन सफरचंदांना सुमारे एक लिटर द्रावण, आणि त्या लिटरमध्ये सुकल्यावर मागे उरणारा भाग १८० ग्रॅम. दोनशे ग्रॅमची पाच हजार फळं म्हणजे एक टन. १८० ग्रॅम भागिले पाच हजार, म्हणजे एका सफरचंदावर ३६ मिलिग्रॅम. काही द्रावण ब्रशांवर आणि गाळात वाया जातं, ते मी मोजलंच नाही. म्हणजे प्रत्यक्षात याहून कमीच.

आता दुसरी बाजू. अन्नातल्या मिश्रकांचा अभ्यास करणाऱ्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने कार्नौबासाठी आयुष्यभर रोज खाल्लं तरी चालेल अशी मर्यादा शरीराच्या दर किलोला ७ मिलिग्रॅम ठरवली आहे. सहा वर्षांचं, वीस किलोचं मूल धरा. त्याची रोजची मर्यादा १४० मिलिग्रॅम. माझा वरचा अंदाज खरा मानला आणि सगळं मेण कार्नौबाच आहे असं धरलं, तरी त्या मुलाने रोज जवळजवळ चार सफरचंदं सालासकट खाल्ली तर ते मर्यादेला पोचतं. आणि ही मर्यादाही प्राण्यांवरच्या प्रयोगांतल्या सुरक्षित मात्रेपेक्षा खूप खाली ठेवलेली असते.

पोटात गेल्यावर ते चिकटून बसतं का?

नाही. बाहेर ऐंशी अंशांना वितळणारं कार्नौबा पोटात सदतीस अंशांना वितळत नाही, आणि आपली पाचकद्रव्यं त्याला फारसं फोडू शकत नाहीत. ते तसंच पुढे सरकतं आणि शौचावाटे बाहेर पडतं. सालीचं नैसर्गिक मेणही बरंचसं असंच जातं. "मेण आतड्याला लेप देतं" हे मी किती वेळा ऐकलंय त्याला गणती नाही. आतड्याचं अस्तर दर काही दिवसांनी नवं होत असतं, आणि त्यावर काही थापून बसावं एवढी सामग्री एका सालीत नसते.

भारतात याला परवानगी आहे का?

आहे, पण ठरावीक मेणांनाच. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा, आणि त्याखालचे विक्रीवरच्या बंदी-निर्बंधांचे नियम २०११ चे. त्यांत मूळ नियम असा आहे की ताजी फळं आणि भाज्या मेण, खनिज तेल किंवा रंग लावून विकायच्या नाहीत. मग अपवाद दिला आहे: ताज्या फळांना मधमाशीचं मेण, कार्नौबा मेण किंवा शेलॅक मेण लावता येईल, चांगल्या उत्पादन पद्धतीला जेवढं लागतं तेवढंच, आणि लेबलवर तसं लिहून. लेबलवर फळाला मेण लावलं आहे आणि ते कोणतं, हे असायला हवं.

आता तुम्ही विचाराल, हे लेबल आहे कुठे? ते पेटीवर असतं. ठाण्यात स्टेशनबाहेर किंवा वाशीत सेक्टरच्या नाक्यावर गाडीवाल्याकडून आपण सुटी फळं घेतो तेव्हा पेटी गाडीखाली किंवा भिंतीशी उभी केलेली असते. मी सरळ सांगते, "दादा, जरा पेटी दाखवा." बहुतेक जण दाखवतात. परदेशी मालाच्या पेटीवर बाजूच्या पट्टीवर हे बारीक अक्षरांत असतं. देशी मालाच्या पेटीवर मात्र मला ते अनेकदा सापडत नाही. ही माझी खरी तक्रार आहे. मेण लावलंय याचं मला काही वाटत नाही, पण कोणतं लावलंय हे घेणाऱ्याला कळायला हवं.

फळावरच्या चिकटपट्टीचा याच्याशी संबंध नाही. तिच्यावरचा चार आकडी क्रमांक जात आणि आकार सांगतो, उदाहरणार्थ ४०१६ म्हणजे मोठं लाल डिलिशियस. मेणाविषयी त्यावर काहीच नसतं.

पॅराफिन लावलं असेल तर?

पॅराफिन पेट्रोलियमपासून निघतं आणि आपल्याकडे ताज्या फळांसाठी परवानगी असलेल्या यादीत ते नाही. शुद्ध, खाद्य दर्जाचं खनिज मेण इतर काही देशांत ठरावीक फळांना चालतं. भीती असते ती स्वस्त, अशुद्ध मेणाची किंवा कुठल्याही तेलाची, कारण नीट शुद्ध न केलेल्या पेट्रोलियम पदार्थांत आरोग्याला घातक सुगंधी हायड्रोकार्बन राहू शकतात.

हे घरी ओळखण्याची खात्रीची चाचणी नाही. ते प्रयोगशाळेचंच काम. पण संशय घ्यायला काही खुणा नक्की पुरतात. पॅकिंगच्या यंत्रावर लागलेलं मेण सगळीकडे सारखं असतं, देठाजवळच्या खळग्यात थोडं कमी. हाताने फडक्याने चोपडलेलं असेल तर पट्टे दिसतात, देठाच्या खळग्यात आणि खालच्या बाजूला गोळे साचतात, नखाने जाड पापुद्रा सुटतो. पांढऱ्या रुमालावर लाल रंग उतरला तर ते फळ तिथेच ठेवा. सफरचंदाचा लाल रंग सालीच्या पेशींच्या आत असतो, तो कोरड्या कापडावर कधीच उतरत नाही. रॉकेल किंवा रंगासारखा वास आला तर दुसरा विचार करू नका.

फ्रीजमधून काढल्यावर सफरचंद पांढरं पडतं. बुरशी आहे का?

आपल्या इकडे पावसाळ्यात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि कारण आपली हवाच आहे. थंड फळ बाहेर काढलं की दमट हवेतला ओलावा सालीवर दवासारखा जमतो. शेलॅकला पाणी मानवत नाही. तो ओलावा पापुद्र्यात शिरला की थर पांढुरका होतो, जसं जुन्या लाखेच्या पॉलिशच्या टेबलावर गार पाण्याचा ग्लास ठेवला की गोल पांढरा डाग उठतो. सफरचंदाचं तेच होतं. दिसायला वाईट, पण खायला चालतं.

ओळखायचं असं. ओल्या बोटाने चोळा. शेलॅकचा पांढरेपणा पुसला जात नाही, सालीतच मुरल्यासारखा दिसतो. नैसर्गिक धुरकट झाक लगेच पुसली जाते आणि खाली चमक येते. देठाच्या खळग्यात कोरडे पांढरे किंवा निळसर ठिपके असतील तर ते फवारणीच्या औषधाचे वाळलेले थेंब असू शकतात; तेही पाण्याने आणि ब्रशने निघतात. बुरशी मात्र केसाळ दिसते, बोटाखाली साल मऊ लागते आणि मातकट कुबट वास येतो. असं सफरचंद टाकायचं. डाग कापून उरलेलं वापरायचं नाही.

काही सफरचंदं हाताला तेलकट लागतात. तेल चोपडलंय?

बऱ्याचदा नाही. ग्रॅनी स्मिथ, रॉयल गाला, पिंक लेडीसारख्या जातींत फळ फार दिवस साठवलं किंवा जास्त पिकलं की साल स्वतःच काही तेलकट पदार्थ तयार करते. ते घट्ट मेणात मिसळले की थर मऊ आणि निसरडा होतो. शीतगृहातून पेट्या बाहेर आल्या की मला बोटानेच कळायचं, हा माल खूप दिवस बसलाय. हे सफरचंद खायला धोक्याचं नाही, पण ते आतून पिठूळ निघण्याची शक्यता जास्त, म्हणून मी ते घेत नाही.

मॉर्फोलिन म्हणजे काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, पण मला हाच महत्त्वाचा वाटतो. मेण पाण्यात विरघळत नाही. ते पाण्यात बारीक कणांनी पसरून राहावं म्हणून द्रावणात मदतीचा पदार्थ घालावा लागतो. कुठे अमोनिया वापरतात, कुठे मॉर्फोलिन. मॉर्फोलिन थोडं मेणात मागे राहतं. पोटात नायट्राइटशी त्याची गाठ पडली तर त्यापासून नायट्रोसोमॉर्फोलिन बनू शकतं, आणि ते प्राण्यांमध्ये कर्करोग घडवणारं आहे. म्हणून युरोपात फळांच्या मेणात ते चालत नाही. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये चिलीहून आलेल्या काही सफरचंदांवर ते सापडल्यावर तो माल बाजूला काढावा लागला होता. उलट, कॅनडाच्या आरोग्य खात्याने २००२ मध्ये याचा अभ्यास करून सफरचंदावरच्या प्रमाणात धोका नाही असं म्हटलं, आणि अमेरिकेत ते वापरायला मुभा आहे.

माझं मत विचाराल तर: कॅनडाचा हिशेब मला पटतो, प्रमाण खरंच फार कमी असतं. तरी अमोनियाने काम होत असताना मॉर्फोलिन वापरावंच कशाला, हे मला पटलेलं नाही.

मेण काढायचं कसं? गरम पाणी, व्हिनेगर, मीठ?

मेण काढायच्या मागे लागू नका. गीझरचं पाणी पन्नास-साठ अंशांचं असतं, त्याने कार्नौबा वितळत नाही. उकळतं पाणी ओतलं तर थर पांढरा पडतो, साल भाजते आणि फळ लवकर खराब होतं. व्हिनेगर आणि लिंबाचं आम्ल मेणाला काही करत नाही. भांड्याचा साबण तर फळाला कधीच लावू नये, तो देठाच्या खळग्यात राहतो.

खरं लक्ष द्यायचं ते मेणाखाली किंवा मेणासोबत काय आहे याकडे. बागेतली फवारणी आणि साठवणुकीच्या वेळी लावलेलं बुरशीनाशक काही प्रमाणात सालीवर असतं, आणि साध्या पाण्याच्या एका धारेने ते पुरेसं जात नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये गाला सफरचंदांवर हे तपासलं. थायबेंडाझोल हे बुरशीनाशक आणि फॉस्मेट हे कीटकनाशक लावून फळं साध्या पाण्यात, ब्लीचच्या द्रावणात आणि खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतली. सोड्याचं पाणी सर्वांत प्रभावी ठरलं. पृष्ठभागावरचं औषध जायला १२ ते १५ मिनिटं लागली. पण थायबेंडाझोलचा साधारण पाचवा हिस्सा सालीच्या आत मुरला होता, आणि मुरलेलं औषध धुऊन निघत नाही.

घरी मी हेच करते. एक लिटर पाण्यात दोन सपाट चहाचे चमचे खाण्याचा सोडा, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम. सफरचंदं पंधरा मिनिटं बुडवून ठेवते, मध्ये एकदा उलटते. मग नळाखाली धरून देठाचा आणि खालचा खळगा बोटाने किंवा मऊ ब्रशने घासते, स्वच्छ फडक्याने पुसते. खायच्या दिवशीच धुते. आधी धुऊन ओलीच फ्रीजमध्ये ठेवली तर खळग्यात पाणी राहून बुरशी धरते.

मग साल काढूनच खाल्लं तर?

चालेल. मेणासाठी काढायची गरज नाही, पण सालीत मुरलेल्या औषधाची काळजी वाटत असेल तर सोलण्याने ती कमी होते. सालीबरोबर बराच तंतुमय भाग जातो हेही खरं. वर्षा-दीड वर्षाच्या बाळाला तसंही सोलून, वाफवून, कुस्करून द्यावं, कारण साल आणि कच्ची फोड घशात अडकू शकते.

शेलॅक किड्यापासून येतं. मग उपवासाला, शाकाहारी माणसाला ते सफरचंद चालतं का?

आमच्या मजल्यावरच्या काकू आषाढी एकादशीला दूध आणि फळांवर असतात. त्यांना कुठूनतरी हे कळलं आणि त्या फार अस्वस्थ झाल्या. मी त्यांना जे आहे तेच सांगितलं. शेलॅकमध्ये किड्याचं अंग नसतं, त्याने सोडलेली राळ असते. पण फांदीवरून लाख खरवडताना किडे मरतात, हेही खरं आहे. मध आणि रेशीम याबाबतीत प्रत्येक घराने आपापली रेघ ओढलेली असते, तशीच इथेही ओढावी लागेल. ज्यांना नको असेल त्यांनी मोसमात, ऑगस्ट ते नोव्हेंबर, धुरकट झाक असलेली बिनचमकीची देशी सफरचंदं घ्यावीत, किंवा पेटीवर फक्त कार्नौबा लिहिलेली. सोललं की शेलॅक सालीबरोबरच जातं. काकूंनी सोलून खाल्लं.

मेणामुळे सफरचंद आतून खराब होऊ शकतं का?

होऊ शकतं, आणि हे दुकानात ओळखता येत नाही. तोडल्यावरही फळ श्वास घेत असतं. शेलॅकचा थर जाड झाला आणि फळ उन्हात तापलं की प्राणवायू आत पुरेसा जात नाही आणि फळ आतल्या आत आंबू लागतं. कापल्यावर दारूसारखा, थोडा गोडूस वास येतो आणि गर तपकिरी किंवा पाणचट दिसतो. बाहेरून ते आरशासारखंच असतं. शीतगृहातून निघून तीन-चार दिवस उन्हातल्या गाडीवर राहिलेल्या मालात मी हे सर्वांत जास्त पाहिलं. म्हणून चमकणारं परदेशी सफरचंद घ्यायचं असेल तर सावलीतल्या दुकानातून घ्यावं, थोडंच घ्यावं आणि घरी लगेच फ्रीजमध्ये ठेवावं.

संशय आला तर तक्रार कुठे करायची?

फळ फेकू नका. दोन-तीन नग कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, पेटीवरच्या लेबलचा आणि दुकानाचा फोटो घ्या, तारीख लिहून ठेवा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाचं. त्यांचा नि:शुल्क क्रमांक १८००२२२३६५. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक १८००११२१००. तक्रारीत "मेण लावलंय" एवढंच लिहिलं तर ती पुढे सरकत नाही, कारण मेण लावणं कायदेशीर आहे. नेमकं लिहा: रुमालावर रंग उतरला, रॉकेलसारखा वास आला, किंवा पेटीवर मेणाचं नाव नव्हतं.